आईचा नाव नसलेला पिक्चर

दवाखान्यातून घरी आल्याबरोबर आईने अंगणातल्या हौदाच्या लोखंडी झाकणावर पाटा ठेवायला लावला. झाकणाला कुलूप होतं, तरी तिचं समाधान होईना. पाटा ठेवल्यावर ती आत गेली, पलंगावर बसली आणि म्हणाली, "आता त्याला उघडता येणार न्हाई."

"कोणाला?" माझ्या भावजयीने विचारलं.

हे मला धाकट्या भावाने फोनवर सांगितलं. आई त्याच्याजवळ लातूरला असते, मी नांदेडला. विष्णुपुरीच्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी नोकरी करते. आईच्या रक्तातलं सोडियम उतरलं होतं, म्हणून तिला दवाखान्यात ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले होते की सोडियम आता जागेवर आलंय, पण या वयात डोक्यातला गोंधळ निवळायला वेळ लागतो. तिच्याशी वाद घालू नका, ती काय म्हणते ते ऐकून घ्या. शनिवारी मी ऐकायला म्हणून गेले. लोहा, अहमदपूर, चाकूर मागे पडत होते आणि माझ्या मनात एकच भीती होती, की आई मला ओळखणार नाही.

तिने ओळखलं. कोणती बस मिळाली, जेवून निघाले का, सगळं नीट विचारलं. मग भावजय स्वयंपाकघरात गेल्याचं बघून तिने माझं मनगट धरलं.

"बाई, एक माणूस हाय," ती हळू आवाजात म्हणाली. "पायऱ्यांवर बसतो. मुठीवर पोपट घेतो आन् त्याला भिजलेली डाळ खाऊ घालतो. एक दाणा दिला की शिकवतो, अक्का रा. दुसरा दिला की पुन्हा, अक्का रा. घरात त्याची बायको निजलेली असती. तिला ठावं न्हाई."

तिची बोटं गार होती.

"मग तो पिंजरा हिरीच्या रहाटाला नेऊन टांगतो. पोपट वरडाया लागतो. बायको उठती, तिला वाटतं आपली मेलेली धाकली बहीण बोलावून राहिली. ती दाराबाहेर जाती. आन् हा आतून कडी लावतो. कडी लावताना हसतो. नुसतं तोंड हसतं त्याचं, डोळे हसत न्हाईत."

"आणि मग?"

"मग काय? हीर हाय की पुढं."

आईला एक मोठी बहीण होती. तिला ती अक्का म्हणायची. अक्काचं लग्न शिरूर अनंतपाळजवळच्या एका गावात झालं होतं आणि लग्नानंतर फार काळ न जाता ती विहिरीत पडून गेली. पाणी शेंदताना पाय घसरला, एवढंच आम्हाला माहीत होतं. आजोळी, देगलूरला, तो विषय कोणी काढत नसे. अक्काचा एकही फोटो नाही.

"हे तू अक्काच्या घरी बघितलंस?" मी विचारलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

"तेच तर मला कळंना गेलंय," आई म्हणाली. "देगलूरला मावशीनं मला एक पिक्चर दाखवला व्हता, तसं वाटतं. त्यातलं असंल. पण अक्काकडं मी एकदा ऱ्हायले व्हते. तिच्या घरी पोपट व्हता बाई. ते मला पक्कं ध्यानात हाय. पिक्चर असंल तर मी सुटले. नसंल, तर मी डोळ्यांनी बघितलं आन् एवढी वर्षं कोणाला बोलले न्हाई." मग माझं मनगट आणखी घट्ट धरून ती म्हणाली, "तू शिकलेली हाईस. मला तो पिक्चर शोधून दे."

नाव? आठवत नव्हतं. गाणी होती, पण एकही लक्षात नाही. रंगीत नव्हता. कंदील घेऊन माणूस जिना उतरतो आणि त्याच्याआधी त्याची सावली खाली येते, एवढं आठवत होतं. बाई आरशासमोर वेणी घालते आणि हा मागून येऊन आरशावर कापड टाकतो, हेही. आणि त्या माणसाचा चेहरा. भरलेला, उजळ, एका भुवईत मधेच केस नाहीत, जुनी जखम असावी तशी रेघ. "समोर आणलास तर शंभरात वळखीन," ती म्हणाली.

त्या रात्री मी भावाच्या घरात पाणी प्यायला उठले, तेव्हा हौदाकडे बघायचं टाळलं. सत्तरी ओलांडलेल्या आईची भीती मलाही लागली होती आणि ती कोणाला सांगायची सोय नव्हती.

नांदेडला परतल्यावर मी शोधाला लागले. पहिल्यांदा हिंदीत आणि मराठीत जे सुचेल ते फोनवर लिहून बघितलं. पोपट, विहीर, खुनी नवरा, जुना सिनेमा. पोपटांची गाणी आली, विहिरीची भुतं आली, हे मात्र आलं नाही. मग मी जुन्या हिंदी सिनेमांच्या शौकिनांचा एक ग्रुप शोधला. तिथे लोक नाव विसरलेले सिनेमे एकमेकांना ओळखून देतात. मी सगळं लिहिलं. लगेच प्रश्न आले. कधी पाहिला? कुठे? रंगीत की कृष्णधवल? कुठल्या भाषेत? नायिका कोण होती? एकाने समजावून लिहिलं होतं, "ज्याची पूर्ण खात्री आहे ते वेगळं सांगा, जे अंधुक आहे ते वेगळं. एक चुकीचा तपशील धरून बसलो तर खरा सिनेमा समोरून निघून जातो." मला ते पटलं. पण भाषेच्या प्रश्नाला मी क्षणभरही विचार न करता 'हिंदी' असं उत्तर दिलं. आईला पिक्चर म्हणजे हिंदी, असं मी धरून चालले होते.

लोकांनी मनापासून नावं सुचवली. एकात विहीर होती पण खून नव्हता, एकात खून होता पण नवरा नव्हता. ज्या ज्या नटाने खलनायक रंगवला त्याचा त्या काळातला फोटो मी शोधायची आणि भावजयीच्या फोनवर पाठवायची. आई नीट निरखून बघायची. "हा न्हाई," म्हणायची. "हा बी न्हाई." प्रत्येक नकारानंतर मी यादीतलं एक नाव खोडायची. सिनेमा नाही म्हणजे काय आहे, ते आता मला माहीत होतं.

एक दिवस मी फोनमधल्या त्या विचारलं की उत्तर देणाऱ्या एआय यंत्राला विचारलं. त्याने एका झटक्यात नाव सांगितलं, नट सांगितला, पोपटाची गोष्टसुद्धा व्यवस्थित लिहून दिली. मला रडू आलं. मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून आईला फोन केला आणि सांगितलं, "सापडला! पिक्चरच आहे आई, तू काही बघितलं नाहीस."

मग तो सिनेमा शोधून बघितला. सिनेमा खरा होता, गोष्ट मात्र खोटी. त्यात पोपट नव्हता, विहीर नव्हती, दोन भावांच्या भांडणाची ती कथा होती. मी विचारलेलंच यंत्राने सजवून मला परत दिलं होतं. तोवर मी पाठवलेला नटाचा फोटो भावजयीने आईला दाखवलाही होता.

संध्याकाळी आईचा फोन आला. "मला समजवायला खोटं सांगून राहिलीस व्हय?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता.

पुढच्या खेपेला लातूरला गेले तेव्हा आईने दोन पाटे झाकणावर ठेवायला लावले होते, घरचा आणि शेजारणीचासुद्धा. जेवताना ती एक घास खाई आणि दाराच्या कडीकडे बघे. भावजय रडकुंडीला आली होती. भाऊ मला बाहेर घेऊन गेला.

"ताई, हे शोधणं बंद कर," तो म्हणाला. "सापडला तर ठीक. नाही सापडला तर? काय करणार आहेस तू? त्या घरी जाऊन विचारणार?"

"फोन तर करता येईल."

अक्काची जाऊ अजून होती. खूप म्हातारी, पण कान शाबूत. भावाने नातेवाइकांकडून नंबर मिळवला आणि पायरीवर बसून स्पीकर चालू केला. ख्यालीखुशाली झाली. आईच्या आजारपणाचं सांगून झालं. मग त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "मावशी, आई म्हणून राहिली, तुमच्या घरी तेव्हा पोपट होता. खरं का?"

मग म्हातारी म्हणाली, "हाव, व्हता की." आणि थोड्या वेळाने, आवाज बदलून, "एवढ्या वर्सांनी पोपट कशाला इचारतूस रे?"

भावाने काहीतरी सांगून फोन बंद केला. आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो. घरोघर पोपट असायचे त्या काळात, असं तो म्हणाला, आणि मीही म्हणाले. पण एकमेकांकडे बघायचं धैर्य आम्हाला झालं नाही. अक्काचा नवरा कधीच वारला होता. तो कसा दिसायचा हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं, आणि आईला विचारायची माझी हिंमत होत नव्हती. त्याच्या भुवईत रेघ होती, असं ती म्हणाली असती तर?

सोमवारी ऑफिसात माझं लक्ष कामात नव्हतं. माझ्या शेजारच्या टेबलावर एक बाई बसते, धर्माबादकडची, घरी तेलुगू बोलणारी. तिने डबा उघडताना विचारलं, काय झालंय. मी आधी टाळलं आणि मग सगळं सांगून टाकलं. माणूस, पायऱ्या, डाळीचे दाणे. आई जसं करून दाखवायची तसं मीही म्हटलं, "अक्का रा, अक्का रा."

तिचा हात डब्यावरच थांबला.

"मॅडम, रा म्हणजे?"

"काही नाही. पोपटाची आपली कलकल."

"कलकल नाही हो. आमच्यात रा म्हणजे ये. अक्का, रा. अक्का, ये." ती माझ्याकडे टक लावून बघत होती. "तुमच्या आईला तेलुगू येतं?"

"अजिबात नाही."

"देगलूरला पाहिला म्हणता ना? सीमेवरचं गाव. माझे वडील सांगायचे, तिकडे तेलुगू सिनेमे लागायचे. बायका भाषा न कळताही जाऊन बसायच्या."

आईने तो सिनेमा मनात मराठीत ठेवला होता. माणसं काय बोलतात ते तिला कळलंच नव्हतं, तिने फक्त बघितलं होतं आणि न कळलेल्या जागी आपली भाषा भरली होती. पक्ष्याचे दोन शब्द तेवढे जसेच्या तसे राहिले होते, कारण त्यातला एक तिला कळला होता. तेलुगूतही मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात.

डबे बाजूला ठेवून तिने तेलुगू अक्षरांत लिहायला सुरुवात केली. पोपटासाठीचा शब्द घालून काही सापडलं नाही. मी म्हटलं, "पोपट काढून टाका. पोपट अक्काच्या घरचा असू शकतो." हिंदी ग्रुपवरचा तो खात्रीचं आणि अंधुक वेगळं करायचा सल्ला मला आत्ता कुठे उपयोगी पडला. तिने नुसतं 'बोलणारा पक्षी' असं लिहून जुन्या तेलुगू सिनेमांच्या एका ग्रुपवर प्रश्न टाकला. काळ अंदाजे, कृष्णधवल, नवरा पक्ष्याला 'अक्का, रा' म्हणायला शिकवतो आणि बायकोला विहिरीकडे बोलावतो.

दुसऱ्या दिवशी तीन जणांनी एकच नाव लिहिलं होतं. त्यातल्या एकाने जोडलं होतं की पक्षी मैना आहे, पोपट नव्हे. एकाने पूर्ण सिनेमाची लिंक दिली होती, जुनी घासलेली प्रिंट, कोणीतरी नेटवर चढवलेली. सिनेमा कोणत्या वर्षीचा तेही होतं. मी बोटांवर हिशेब केला. अक्काच्या लग्नाआधीचा.

मी लिंक उघडून मधेमधे सरकवून बघितलं. जिना आला. सावली आधी आली, मग कंदील, मग माणूस. त्याने मान वर केली आणि भुवईतली रेघ दिसली. भर दुपारी, ऑफिसात दहा माणसं असताना मी खुर्ची मागे ढकलली. इतके दिवस शोधलेला चेहरा माझ्याकडे बघत होता आणि आनंद व्हायच्या आधी मला त्याची भीतीच वाटली.

या वेळी मी फोन केला नाही. फोटोही पाठवला नाही. एकदा खोटं ठरल्यावर आईला समोर बसवूनच दाखवायचं होतं. आणि अजून एक शंका होती. तिने 'हाच तो' म्हटलं नाही तर?

रविवारी दुपारी भावाने फोन टीव्हीला जोडला. आईला मधे बसवलं, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला भावजय. मी आधीच सांगितलं, "आई, भीती वाटली तर बंद करू."

"चालू कर," ती म्हणाली.

सुरुवातीला ती नुसती बघत होती. गाणं झालं, लग्न झालं. भाषा आम्हा कोणालाच कळत नव्हती. मग तो माणूस दारात आला आणि आईने पदर तोंडावर घेतला. "हाच," ती पदराआडून म्हणाली. "हाच मुडदा." भावाने बंद करायला हात पुढे केला, तर तिने त्याचा हात खाली दाबला. आरशावर कापड पडलं तेव्हा ते पडायच्या आधीच ती म्हणाली, "आता बघ, कापड टाकंल." मैना पहिल्यांदा बोलली तेव्हा मात्र आईने डोळे मिटून घेतले. "अक्का, रा." खरखरीत, लहान मुलीसारखा आवाज. भावजय उठून भिंतीला टेकून उभी राहिली.

कडी लागली. बाई अंधारात विहिरीकडे चालू लागली. आई म्हणाली, "हितं मी लई रडले. मावशीनं मला उचलून भाईर आणलं. फुडचं मी बघितलंच न्हाई."

"बघायचं का?"

तिने होकारार्थी मान हलवली. आम्ही पुढचं बघितलं. ती बाई विहिरीच्या काठापर्यंत गेली, हात पुढे केला, पिंजरा बघितला आणि थांबली. तिने पिंजऱ्याचं दार उघडलं. नंतर गावकरी आले, नवरा पळाला, पकडला गेला. आई पुढे झुकून सगळं बघत होती.

"वाचली की गं ही," ती म्हणाली. "मला वाटलं मेली."

टीव्ही बंद केल्यावरही कोणी जागचं हललं नाही. मग आई माझ्याशी न बोलता, समोर बघत बोलायला लागली.

"अक्का सकाळी गेली. रातीला न्हाई. मी तिथं नव्हतेच. मी देगलूरला व्हते, अंगणात खेळत व्हते. एक माणूस सायकलीवर आला आन् बापाच्या कानात बोलला. बाप उभा व्हता तसा खाली बसला. माईनं हातातली परात टाकली. मला शेजारी नेऊन ठेवलं. मला कोणी न्हेलं न्हाई मातीला." ती थांबली. "ती मला पाठीवर घेऊन नदीपातूर जायची. लई पळायची. मी वरडायचे, अक्का पडशील, तर आणखी पळायची."

ती रडायला लागली. मी तिला वडील गेले तेव्हा रडताना बघितलं होतं, पण असं नाही. लहान मूल रडतं तशी ती आवाज काढून रडत होती. भावजयीने तिला जवळ घेतलं आणि आईने नको म्हटलं नाही.

अक्काचा पाय खरंच घसरला का, ते मला आजही माहीत नाही. म्हाताऱ्या जावेचा बदललेला आवाज मी विसरलेले नाही. भाऊ म्हणतो की आता उकरून काय हाती लागणार, आणि मी त्यावर काही बोलत नाही. आईने मात्र काही बघितलं नव्हतं. तेवढं पक्कं झालं, आणि तेवढंच तिने मागितलं होतं.

गोंधळ एकदम गेला नाही. पुढे बरेच दिवस तिन्हीसांजेला ती दाराकडे बघायची. पण घाबरली की आता ती स्वतःच म्हणायची, "तो पिक्चरमधला हाय, व्हय ना?" आम्ही हो म्हणायचो. एकदा तिने मला फोनवर विचारलं, तो नट जिवंत आहे का. मी शोधून सांगितलं की वारला, पुष्कळ वर्षं झाली.

"चांगलं काम केलं व्हतं बिचाऱ्यानं," ती म्हणाली, आणि मग माझ्या घरी भाजी काय केली ते विचारायला लागली.